लिमिट शिकवताना ‘जवळ जवळ जाणं’ कुठे फसतं

प्रश्न: एफवायबीएस्सीला यंदा पहिल्यांदाच कॅल्क्युलस शिकवते आहे. एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या देण्याआधी दोन-तीन तासिका लिमिट साध्या भाषेत सांगायची आहे. ‘x हा a च्या जवळ जवळ गेला की f(x) हे L च्या जवळ जवळ जातं’ असं सांगते तेव्हा मुलं माना डोलावतात, पण व्याख्या फळ्यावर आली की सगळं विस्कटतं. आधी नक्की काय सांगावं?

उत्तर:

माना डोलतात, कारण त्या वाक्यात अडण्यासारखं काही नसतं. खरी गोम अशी की ते वाक्य नुसतं ढोबळ नाही, चुकीचं आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच सांगत होतो. मग एका वर्गात एका मुलीनं असा प्रश्न विचारला की ते वाक्य मला सोडावंच लागलं. तो प्रश्न समजायला आधी उदाहरण सांगतो. मी अजूनही पहिल्या तासाला तेच घेतो.

वीसेक मीटर उंच माडावरून नारळ सुटला. हवेचा अडथळा विसरा. t सेकंदांत तो ४.९t² मीटर खाली येतो, म्हणजे जमिनीवर आदळायला त्याला साधारण दोन सेकंद लागतात. सुटल्यावर बरोबर एका सेकंदानं त्याचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, आणि ‘बरोबर एका सेकंदाला’ तर वेळ गेलेलीच नाही. मग थोडी वेळ जाऊ द्यायची, h सेकंद. त्या तुकड्यातला सरासरी वेग काढायचा. मुलं तो स्वतः काढतात आणि काटाकाट करून ९.८ + ४.९h पर्यंत येतात. h ऋण घेतला, म्हणजे एक सेकंद पुरा होण्याआधीचा तुकडा घेतला, तरी सूत्र तेच राहतं. h शून्य मात्र घेता येत नाही, कारण मूळ भागाकारात तो छेदात बसला आहे.

हे उदाहरण घेण्याचं कारण आहे. मुलं अकरावी-बारावीत लिमिटची शंभर गणितं सोडवून आलेली असतात. अवयव पाडा, काटाकाट करा, किंमत घाला. त्यांच्या लेखी लिमिट म्हणजे ‘किंमत घालण्याआधी करायची साफसफाई’. नारळाच्या गणितातही शेवटी h = ० घालून ९.८ येतं आणि ती समाधानानं वही मिटतात. तेव्हा विचारायचं: शून्य सेकंदांच्या तुकड्याचा सरासरी वेग अस्तित्वातच नाही, मग ९.८ ही संख्या आली कुठून आणि तिचा हक्क काय? जॉर्ज बर्कली या बिशपनं १७३४ मध्ये न्यूटनच्या पद्धतीवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. आधी वाढ शून्य नाही म्हणून भागायचं आणि नंतर ती शून्य म्हणून टाकून द्यायची, हे कसं चालेल? म्हणजे वर्गातला मुलगा इथे गोंधळला तर तो मठ्ठ नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. मी फळ्यावर एक सेकंदाआधीच्या तुकड्यांचे वेग लिहिले होते. h = –०.५ ला ७.३५, h = –०.१ ला ९.३१, h = –०.०१ ला ९.७५१, h = –०.००१ ला ९.७९५१. आणि म्हणालो, बघा, वेग ९.८ च्या जवळ जवळ जातो आहे. ती म्हणाली, “सर, तो १० च्यासुद्धा जवळ जवळ जातोय.”

जातोच आहे! १० पासूनचं अंतर आधी २.६५, मग ०.६९, मग ०.२४९, मग ०.२०४९. दर वेळी कमीच होतं आहे. मी सारवासारव केली की उजवीकडून, म्हणजे h धन घेऊन बघ, तिथे गाडी १० च्या खाली उतरते. ती म्हणाली, “मग नुसती डावीकडची लिमिट १० आहे का?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून वाचलो.

दोष माझ्या वाक्यातच होता. ‘जवळ जवळ जातं’ ही अट ९.८ पूर्ण करतो, १० पूर्ण करतो, आणि १०० सुद्धा पूर्ण करतो. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस सोलापूरच्याही जवळ जवळच जात असतो. फरक कुठे पडतो? १० पासूनचं अंतर कमी होतं, पण ०.२ च्या खाली कधी जात नाही. ९.८ पासूनचं अंतर मात्र तुम्ही म्हणाल त्या संख्येच्या खाली जातं. ‘तुम्ही म्हणाल त्या’ हे तीन शब्दांचं शेपूट वाक्याला जोडलं की लिमिट तयार होते, आणि तेच शेपूट पुढे एप्सिलॉन म्हणून येतं. कोशीनं १८२१ मध्ये लिमिट शब्दांत सांगितली तेव्हा त्यातही ‘हवा तितका कमी फरक’ हाच गाभा होता. आपण वर्गात सोपं करायला जातो आणि नेमका तोच काढून टाकतो.

म्हणून आता मी पहिल्या दिवसापासून ‘जातं’ हे क्रियापद टाळतो आणि गिऱ्हाईक-कारागिराची गोष्ट सांगतो. एमआयडीसीतल्या लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडे ड्रॉइंग येतं तेव्हा त्यावर नुसतं ‘२५ मिलिमीटर’ लिहिलेलं नसतं, ‘२५ ± ०.०२’ असं लिहिलेलं असतं. किती चूक चालेल हे गिऱ्हाईक आधी सांगतं. मशीन किती काटेकोर लावायचं हे टर्नर त्यानंतर ठरवतो. हा क्रम वर्गात पाच वेळा मोठ्यानं म्हणून घ्या, कारण पुढची सगळी पडझड हा क्रम उलटा झाल्यामुळे होते.

मग वर्गातल्या दोघांना उभं करायचं. एक गिऱ्हाईक, एक कारागीर. कारागिराचा दावा: “लिमिट ९.८ आहे.” गिऱ्हाईक म्हणतं, “मला सरासरी वेग ९.८ पासून ०.५ च्या आत हवा.” कारागीर गणित करतो. फरक ४.९h एवढा आहे, तो ०.५ च्या आत ठेवायचा तर h हा ०.१०२ च्या आत हवा. तो सांगतो, “h दोन्ही बाजूंनी ०.१ च्या आत ठेवा, शून्य सोडून. त्यातला कुठलाही h चालेल.” गिऱ्हाईक पुन्हा: “०.१ च्या आत.” कारागीर: “h ०.०२ च्या आत.” गिऱ्हाईक: “०.०१.” कारागीर: “०.००२.” तीन-चार फेऱ्यांत कारागिराच्या लक्षात येतं की दर वेळी नव्यानं डोकं चालवायची गरज नाही, मागितलेल्या संख्येला ५ नं भागलं की काम भागतं. (४.९ नं भागलं तरी चालतं, पण ५ नं भागणं सोपं आणि थोडं जास्तच सुरक्षित. ‘सगळ्यात मोठा h शोधायची सक्ती नाही, चालेल तो एक द्या’ हे इथेच सांगून टाकायचं. नाहीतर मुलं पुढे ‘खरा डेल्टा’ शोधत बसतात.) ज्या क्षणी कारागिराकडे असा सरसकट नियम आला, त्या क्षणी तो जिंकला. गिऱ्हाईकानं हजार प्रश्न विचारले म्हणून तो जिंकलेला नाही.

आता दुसऱ्या कारागिराला उभं करा, ज्याचा दावा आहे की लिमिट १० आहे. गिऱ्हाईक म्हणतं ०.५ च्या आत. हा आरामात देतो, कारण h ०.०५ च्या आत ठेवला तर वेग ९.५५ आणि १०.०५ यांच्या मध्ये राहतो. मुलं चमकतात, चुकीच्या दाव्यालाही काही फेऱ्या जिंकता येतात! मग गिऱ्हाईक म्हणतं ०.१ च्या आत, म्हणजे वेग ९.९ च्या वर हवा. h ऋण असला की वेग ९.८ च्याही खाली असतो. कारागीर कितीही बारीक बंधन घालो, त्यात ऋण h असणारच. एका फेरीत खेळ खलास. आणि त्या मुलीची डावीकडची लिमिटही १० नाही हे याच फेरीत ठरतं, कारण डावीकडचा तर प्रत्येक h नापास होतो.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, “सर, ०.००१ च्या पुढे मोजतं कोण?” प्रश्न रास्त आहे आणि टर्नरची उपमा इथे संपते हे कबूल करायचं. लेथला लघुतम माप असतं, खऱ्या गिऱ्हाइकाची मागणी कुठेतरी थांबते, खऱ्या नारळाला हवाही अडवते. आपलं गिऱ्हाईक थांबत नाही. ते थांबलं असतं तर ९.८ आणि ९.८०००१ यांत निवाडाच करता आला नसता.

दुसऱ्या तासाला भाषेशी झटापट. लिमिट म्हणजे ‘सीमा’, आणि सीमा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे लक्ष्मणरेषा येते. जिथपर्यंत जायचं पण जी ओलांडायची नाही, अशी. इंग्रजी शब्दानंही सुटका होत नाही, कारण ‘त्यानं लिमिट क्रॉस केली’ हे आपण मराठीतच रोज म्हणतो. यातून दोन ठाम गैरसमज येतात. फंक्शन लिमिटपर्यंत पोचत नाही हा एक आणि लिमिट ओलांडत नाही हा दुसरा. तुमच्या वर्गात आहेत का, हे तपासायला एक प्रश्न पुरतो: f(x) = ७ या स्थिर फंक्शनची लिमिट काय? माझ्याकडे दर वर्षी काही जण लिहितात, ‘लिमिट नाही, कारण ते आधीच ७ आहे, कशाच्या जवळ जात नाही.’ गिऱ्हाईक-कारागिराच्या भाषेत हा प्रश्न हसण्यावारी जातो. गिऱ्हाईक काहीही मागो, कारागीर डोळे मिटून म्हणतो ‘कुठलाही x घ्या’. डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांनी १९८१ च्या त्यांच्या निबंधात हेच मांडलं होतं की मुलाच्या मनातलं संकल्पनेचं चित्र आणि पुस्तकातली व्याख्या शेजारी शेजारी नांदतात, आणि गणित सोडवताना चित्रच जिंकतं. म्हणून चित्र दुरुस्त केल्याशिवाय व्याख्या देण्यात अर्थ नाही.

त्यासाठी मी एकाच कुटुंबातली दोन फंक्शनं घेतो. पहिलं x·sin(π/x), x शून्याजवळ. आधी मुलांकडून किंमती काढून घ्या. x = ०.४ ला किंमत ०.४. x = १/३ ला बरोबर ०. x = २/७ ला, म्हणजे शून्याच्या आणखी जवळ, उणे २/७. म्हणजे फंक्शन शून्यावर पोचलं, शून्य ओलांडून खाली गेलं आणि शून्यापासून पुन्हा लांब सरकलं. हा खेळ शेवटपर्यंत, अनंत वेळा चालतो. तरी लिमिट शून्यच. sin कधी १ च्या वर जात नाही, त्यामुळे गिऱ्हाईकानं ०.०१ मागितलं की कारागीर म्हणतो ‘x ०.०१ च्या आत ठेवा’. जे मागाल तेच बंधन. ‘जवळ जवळ जाणं’ हे लिमिटला पुरेसं नाही हे १० च्या दाव्यानं दाखवलं होतं. ते आवश्यकही नाही हे इथे दिसतं.

दुसरं फंक्शन नुसतं sin(π/x). याची शून्यापाशी लिमिट काय, असं विचारून मुलांना कॅल्क्युलेटर काढू द्या. रेडियनवर ठेवायला सांगा, नाहीतर भलतंच येतं. ती सवयीनं ०.१, ०.०१, ०.००१ घालतात आणि दर वेळी शून्य येतं (कॅल्क्युलेटरची शेवटच्या अंकांतली लुडबुड सोडून), कारण sin १०π, sin १००π, sin १०००π हे सगळे शून्यच. वर्ग एकमुखानं म्हणतो, लिमिट शून्य. मग गिऱ्हाईकाला उभं करा आणि ०.५ मागू द्या. कारागीर म्हणतो, x ०.०१ च्या आत ठेवा. गिऱ्हाईक x = २/४०१ घेतं, जो साधारण ०.००५ आहे. π/x झाला २००.५π आणि त्याचा sin येतो १. कारागीर बंधन कितीही आवळो, २/४००१, २/४०००१ असा एखादा x त्या बंधनात सापडतोच आणि तिथे किंमत १ असते. दावा पडला. लिमिट १ म्हणाल, तर १/१००, १/१००० हे x तोही दावा पाडतात.

तक्ता फसला तो नेमका कशानं, यावर मी बराच वेळ घालवतो. तक्त्यात आपण x आधी निवडतो आणि किंमत मग बघतो. कारागिराला मात्र त्याच्या बंधनातल्या प्रत्येक x ची हमी द्यायची असते, मूठभर सोयीच्या x ची नाही. शिवाय दिशाही उलटी. तक्ता विचारतो, x इतका जवळ आणला तर किंमत किती जवळ येईल? लिमिट विचारते, किंमत इतकी जवळ हवी तर x किती जवळ आणावा लागेल? म्हणूनच महिनाभर तक्ते भरून आलेली मुलं व्याख्येत ‘एप्सिलॉन आधी का?’ म्हणून अडतात. तक्ते बंद करा असं मी म्हणत नाही. अंदाज बांधायला ते ठीक आहेत, निकाल द्यायला नाहीत.

कॅल्क्युलेटरवर फाजील विश्वास असलेला एखादा मुलगा असेल तर त्याच्या लॅपटॉपवर हे करायला सांगा:

```python
from math import cos
for x in (1e-4, 1e-7, 1e-8):
    print(x, (1 - cos(x)) / x**2)
```

खरी लिमिट १/२. पहिल्या ओळीत जवळपास ०.५ येतं, दुसरीत ०.४९९६ च्या आसपास आणि तिसरीत चक्क ०.०. इतक्या लहान x चा cos संगणकाच्या साठवणीत १ होऊन बसतो, मग अंशात काही उरतच नाही. x ‘आणखी जवळ’ नेल्यावर उत्तर बिघडलं. यावर फार वेळ नको, पाच मिनिटं पुरतात.

तिसऱ्या तासाला व्याख्या, पण ती मी लिहीत नाही, मुलांकडून लिहून घेतो. आधी पूर्ण मराठीत: ‘गिऱ्हाईकानं कितीही लहान चूक मागितली, तरी कारागीर x साठी असं एक बंधन देऊ शकतो, की त्या बंधनातल्या प्रत्येक x ला, a सोडून, f(x) आणि L यांतला फरक मागितलेल्या चुकीपेक्षा कमी असतो.’ या वाक्यावर वर्गाची सही झाली की एकेक शब्द बदलायचा. मागितलेली चूक म्हणजे ε. दिलेलं बंधन म्हणजे δ. ‘बंधनातला, पण a सोडून’ म्हणजे ० < |x – a| < δ. ‘फरक कमी’ म्हणजे |f(x) – L| < ε. चिन्हं आली, वाक्य तेच राहिलं. त्या ‘० <’ ला पुस्तकं एका ओळीत उरकतात, पण नारळ आठवत असतो म्हणून इथे कुणी अडखळत नाही. h = ० ला सरासरी वेगच नाही, मग त्याची हमी कोण मागणार?

यानंतरही एक खड्डा उरतो, आणि तो नारळाच्या उदाहरणात दिसत नाही, कारण तिथे फरक सरळ ४.९h होता. म्हणून लगेच x² घ्या, x = ३ पाशी, लिमिट ९. फरक |x – ३|·|x + ३|. हुशार मुलगा पटकन लिहितो, δ = ε/|x + ३|. दिसायला बरोबर, पण खेळात बसत नाही. त्याला एवढंच विचारा: “तू बंधन सांगतोस तेव्हा x तुला माहीत आहे का?” क्रम पक्का झालेला असेल तर तो स्वतःच खोडतो, कारण बंधन आधी दिलं जातं आणि x त्यानंतर गिऱ्हाईक निवडतं. मग वाट अशी निघते. आधी स्वतःवर एक ढोबळ बंधन घाला की x हा ३ पासून १ च्या आत असेल. मग x जास्तीत जास्त ४, आणि |x + ३| सातच्या आत. आता फरक ७|x – ३| पेक्षा कमी, म्हणून ε ला ७ नं भागा. दोन बंधनं झाली, १ आणि ε/७, दोन्ही पाळायची तर त्यांतलं लहान द्या. ताळा करून बघायला सांगा: ε = ०.१ ला ७ नं भागून साधारण ०.०१४ येतं, आणि वर्गमूळ काढून थेट बघितलं तर साधारण ०.०१६ पर्यंत मुभा होती. आपण आतच आहोत.

तुमच्या वर्गात कोणाला किती कळलं हे बघायचं असेल तर याच गणितात गिऱ्हाईकाकडून ε = १०० मागवा. ज्याला खेळ कळला आहे तो हसून δ = १ देतो. ज्याला नुसती रीत पाठ झाली आहे तो १०० ला ७ नं भागून १४.२८ देतो. त्याला x = १२ घालून बघायला सांगा. बंधनात बसतो, आणि फरक येतो १३५.